प्रकरण चार: ‘फार लांब आहे’ — कामाच्या नोंदी

११ ऑगस्ट

सामायिक फोल्डरमध्ये प्रबंधाचं चौथं प्रकरण येऊन पडलंय. सोबत मार्गदर्शक सरांचा शेरा, एकाच ओळीचा: ‘प्रकरण फार लांब आहे. कमी करावे.’ किती कमी, कुठून कमी, काहीच नाही. सर परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी आहेत आणि विद्यार्थ्याला त्यांना फोन करायला संकोच वाटतोय. त्याचा मला निरोप: “ताई, तुम्हीच ठरवा काय काढायचं ते. मला सगळंच महत्त्वाचं वाटतं.”

विषय भूगोलाचा, प्रबंध मराठीत. धरमतर खाडीच्या काठचं खारेपाटातलं एक गाव. उधाणात बाहेरच्या बांधाला खांड गेली, खारं पाणी भातशेतीत शिरलं, नंतर खांड बुजवली. ती जमीन पुन्हा भाताला कधी आणि कशी लायक होते, हे पाहायचं. मी अलिबागला बसून प्रबंध तपासून देते. कृषी पदवी असल्यामुळे मातीचं थोडंफार कळतं, आणि हे काम माझ्याकडे आलंय तेही बहुधा त्यामुळेच.

आज एकही शब्द खोडलेला नाही. फक्त पानं कशावर खर्च झालीत ते लिहून काढलं. एकूण ७८ पानं. बांधांचा इतिहास आणि कायदे १९, आधीच्या संशोधनाचा आढावा ११, पद्धत ९, निकाल २६, चर्चा ८, समारोप ५.

‘लांब आहे’ असं वाचणारा म्हणतो तेव्हा तीनपैकी एक काहीतरी झालेलं असतं. पानांची मर्यादा ओलांडलेली असते, किंवा तेच तेच पुन्हा आलेलं असतं, किंवा आपण हे कशासाठी वाचतोय ते वाचणाऱ्याला बराच वेळ कळलेलं नसतं. तिघांचे उपाय वेगळे. विद्यापीठाच्या नियमपत्रिकेत प्रकरणाच्या पानांवर मर्यादा दिसली नाही, म्हणजे पहिली शक्यता बाजूला ठेवता येते. उरलेल्या दोनपैकी कोणती, ते प्रकरण वाचून ठरेल.

१२ ऑगस्ट

उलटा आराखडा केला. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच ओळ लिहायची: हा परिच्छेद काय सांगतो. तो ‘कशाविषयी’ आहे हे लिहायचं नाही. ‘कायद्याविषयी’ ही ओळ निरुपयोगी आहे. ‘दुरुस्तीची जबाबदारी शेतकऱ्यांकडून शासनाकडे गेली’ ही ओळ उपयोगाची. ज्या परिच्छेदाला अशी ओळ लिहिता येत नाही, त्याच्यावर खूण.

दुपारपर्यंत निदान झालं. प्रकरणाचा प्रश्न पहिल्यांदा दिसतो तो पान ३१ वर. ‘खांड बुजवल्यानंतर जमिनीतली क्षारता कुठल्या तुकड्यांत आधी उतरते आणि का?’ त्याआधीची तीस पानं वाचणाऱ्याला हे वाक्य माहीत नाही. चरी गावच्या शेतकरी संपाचं काय करायचं, १९४८च्या खार जमीन कायद्याचं काय करायचं, मीठ मोजण्याच्या आणखी एका पद्धतीचं काय करायचं, हे न कळता तो सगळं डोक्यावर वाहत पुढे चाललाय. सरांना दमवलंय ते याने. निकालाची २६ पानं काही इतकी वाईट नाहीत.

त्यामुळे प्रत्येक विभागातून सारखा थोडा थोडा भाग कापायचा नाही. ती सर्वांत सोपी वाट, आणि तिने प्रकरण लहान होऊनही लांबच वाटतं, कारण प्रश्न मग पान ३१ ऐवजी पान २० वर येतो, एवढंच. कात्री मुख्यतः पहिल्या तीस पानांवर चालेल.

राहायला काय हवं याची कसोटी विद्यार्थ्याला फोनवर सांगितली. ‘हे वाक्य काढलं तर प्रकरणाचं उत्तर बदलेल का, किंवा वाचणाऱ्याला ते उत्तर तपासता येईनासं होईल का?’ दोन्हीला ‘नाही’ आलं तर ते वाक्य इथलं नाही. तो म्हणाला, “मग माझे दोन उन्हाळे इथले नाहीत का?” उन्हाळे आहेतच. पण ते तक्त्यात आहेत.

१४ ऑगस्ट

इतिहास आणि कायदे, १९ पानं. वाचायला प्रकरणातला सर्वांत सुरेख भाग, आणि म्हणूनच सर्वांत अवघड.

त्यात १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेला चरीचा शेतकरी संप आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि वर्षानुवर्षं निभावलं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्यासाठी मांडलेलं विधेयक आहे. मग १९४८चा मुंबईचा खार जमीन कायदा, १९७९चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा, खारभूमी विकासाची सरकारी यंत्रणा. त्याशिवाय जुन्या शिलोत्री पद्धतीवर तीन पानं: खाडीत बांध घालून जमीन काढणाऱ्याचे हक्क काय आणि बांध राखायचा कोणी.

कसोटी लावली. प्रकरणाचा प्रश्न मातीचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा आहे. संप काढला तर उत्तर बदलत नाही. विधेयक काढलं तरी नाही. एक गोष्ट मात्र बदलते. खांड ताबडतोब बुजली नाही, दोन पावसाळे उघडी राहिली, आणि ती का उघडी राहिली याचं उत्तर ‘बांधाची दुरुस्ती कोणाकडे’ या प्रश्नात आहे. जमिनीत किती मीठ मुरलं ते खारं पाणी किती काळ आत-बाहेर करत होतं यावर ठरतं. म्हणून १९७९च्या कायद्याचा एक परिच्छेद आणि गावातल्या खांडीचा कालक्रम असा दीड-दोन पानांचा मजकूर राहणार. बाकी जाणार.

मग दुसरं प्रकरण उघडून पाहिलं, जे आधी पाहायला हवं असं मी सगळ्यांना सांगत असते आणि कोणी पाहत नाही. कायद्यांवरचे तीन परिच्छेद तिथे जवळजवळ शब्दशः आहेत. चरीच्या संपाला मात्र तिथे, म्हणजे जिथे त्याची खरी जागा आहे तिथे, जेमतेम दोन ओळी.

फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. “ताई, संप काढायचा? माझी आजी चरीची.”

मी म्हटलं, काढायचा नाही, हलवायचा. प्रकरण दोनचं नावच ‘खारेपाट: जमीन आणि माणसं’ आहे. तिथे ही सहा पानं बसली की ते प्रकरण उभं राहील. इथे ती बसली की मातीचा तक्ता वाचायला आलेला परीक्षक आधी खोतीबद्दल प्रश्न विचारायला लागेल. हे त्याला पटलं. आजीचं नाव ऋणनिर्देशात आहेच.

तोटाही लिहून ठेवते: प्रकरण दोन आता वाढणार. सरांना तसं स्पष्ट कळवायचं, म्हणजे पंधरा दिवसांनी ‘प्रकरण दोन फार लांब आहे’ असा शेरा आला तर निदान नवल वाटणार नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. आढाव्याची ११ पानं घेतली, पण दोन तासच.

आढावा ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ या चालीत आहे. एकेका संशोधकाला एक परिच्छेद. असा आढावा कितीही लांबवता येतो, कारण संशोधक संपत नाहीत. त्याऐवजी प्रकरणाला लागणारे तीन प्रश्न मांडले: मीठ किती म्हणजे जास्त, पावसाने ते कसं धुतलं जातं, निचरा नसेल तर काय होतं. प्रत्येक प्रश्नाखाली ज्यांचं काम खरोखर वापरलंय तेवढेच. चार पानांत बसतं.

विद्यार्थ्याने काल रात्री स्वतःच आटवून पाहिलेला परिच्छेद पाठवलाय. त्यात हे वाक्य: ‘भात ३ ते ४ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत क्षारता सहन करतो.’ दोन संदर्भ एकाच कंसात कोंबलेत. मुळात ते दोन संदर्भ दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ४ हा आकडा मातीच्या वर्गीकरणाचा आहे. अमेरिकी क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४च्या पुस्तिकेपासून मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता, जी मीठ जितकं जास्त तितकी वाढते, ४च्या वर गेली की माती क्षारयुक्त म्हणतात. ३ हा आकडा भाताचा आहे. मास आणि हॉफमन यांच्या १९७७च्या मांडणीत भाताचं उत्पन्न ३च्या पुढे घटू लागतं, दर एककाला साधारण १२ टक्क्यांनी. एक आकडा मातीचं नाव सांगतो, दुसरा पिकाचं नुकसान. ‘३ ते ४’ असा पल्ला कोणीच दिलेला नाही. तो मजकूर आटवताना जन्माला आला.

हे आटवण्यातलं नेहमीचं दुखणं आहे. दोन वाक्यांचं एक करताना संदर्भ दोन्ही राहतात, पण कोणता संदर्भ कोणत्या दाव्याला ते पुसलं जातं. म्हणून नियम: वाक्यं जोडली तरी कंस जोडायचे नाहीत. ज्याचा दावा त्याच्या शेजारी त्याचा कंस.

१७ ऑगस्ट

पद्धतीची ९ पानं. इथे मी सर्वांत सावकाश चालले, कारण इथला कंटाळवाणा मजकूर आणि अत्यावश्यक मजकूर दिसायला अगदी सारखे असतात.

जाऊ शकणारं पुष्कळ आहे. नमुना घेण्याआधी फावडं कसं धुतलं, पिशव्यांवर चिठ्ठ्या कशा लावल्या, माती सावलीत किती वाळवली, चाळणी कोणती, मापकाची कांडी ऊर्ध्वपातित पाण्याने कितीदा खंगाळली. हे सगळं परिशिष्टात. प्रकरणात एवढंच राहील की मापक पोटॅशियम क्लोराइडच्या ०.०१ नॉर्मल द्रावणावर जुळवून घेतला आणि वाचनं २५ अंश सेल्सिअसला आणली. या द्रावणाचं वाचन २५ अंशांना १.४१ येतं हे कोणत्याही परीक्षकाला माहीत असतं. ते समजावण्यात गेलेलं अर्धं पान गेलं.

विद्यार्थ्याने आपल्या हाताने काढलेलं एक वाक्य मात्र मी परत आणलं: ‘एक भाग माती व दोन भाग पाणी या प्रमाणात मिश्रण करून विद्युतवाहकता मोजली.’ त्याने त्याचं ‘विद्युतवाहकता मोजली’ एवढंच केलं होतं. अकरा शब्द वाचले आणि प्रकरण कोसळलं.

कारण असं. वरचे ३ आणि ४ हे आकडे संपृक्त अर्काचे आहेत: माती लगद्यासारखी होईल इतकंच पाणी घालून त्यातून खेचून काढलेल्या अर्काचे. त्यात पाणी कमी, म्हणून मीठ दाट. एकास दोन मिश्रणात पाणी कितीतरी जास्त, म्हणून तीच माती मोजली तर आकडा बराच खाली येतो. किती खाली ते मातीच्या पोतावर अवलंबून असतं. चिकणमातीत वेगळं, वाळूसर मातीत वेगळं. आता प्रमाणाचा उल्लेख काढून टाका आणि तक्त्यात एखाद्या तुकड्याचं वाचन २ आलंय असं धरा. वाचणारा ते सरळ ४ शी ताडून पाहणार आणि म्हणणार, जमीन सुधारली की! प्रत्यक्षात ती अजून भाताला घातक असू शकते. ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या भात लावला, तिथला शेतकरी हे वाचून रोपं लावेल आणि जुलैअखेर ती पिवळी पडतील.

म्हणून ते वाक्य पद्धतीत राहिलंच, शिवाय प्रत्येक क्षारता-तक्त्याच्या शीर्षकातही आलं: ‘विद्युतवाहकता, माती–पाणी १:२, डेसिसायमन प्रति मीटर, २५° से.’ आणि जिथे ३ किंवा ४ शी तुलना आहे तिथे विद्यार्थ्याने या पोतासाठी वापरलेलं रूपांतर कुठून घेतलं तो संदर्भ. तक्ते लोक प्रकरणातून सुटे काढून वाचतात. अट तक्त्याबरोबर हिंडली पाहिजे.

आज एकंदर पानं पाचने कमी झाली आणि दोन ओळी वाढल्या. वाढलेल्या ओळींबद्दल जास्त समाधान आहे.

१९ ऑगस्ट

निकाल. इथली लांबी वेगळ्या जातीची: तक्ता दिलाय आणि मग तोच तक्ता वाक्यांत वाचून दाखवलाय. ‘तुकडा अ-१ मध्ये जानेवारीत अमुक, फेब्रुवारीत तमुक.’ हे परिच्छेद बिनदिक्कत गेले. तक्त्याखाली तक्त्यात न दिसणारं तेवढंच एक-दोन वाक्यांत.

विद्यार्थ्याची सूचना होती की बारा महिन्यांचे रकाने काढून वर्षाची सरासरी द्यावी. “एका फटक्यात चार पानं, ताई.” मोह होण्यासारखी सूचना. पण कोकणात ही सरासरी म्हणजे शुद्ध थाप. जून ते सप्टेंबर इतका पाऊस पडतो की वरच्या थरातलं मीठ धुऊन खाली किंवा बाहेर जातं, आणि उन्हाळ्यात जमीन तापली की खालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर पांढरं फुलतं. मेमधली जमीन आणि ऑगस्टमधली जमीन या जवळजवळ दोन जमिनी आहेत. त्यांची सरासरी काढली तर वर्षातल्या कुठल्याच दिवशी नसलेली तिसरी जमीन मिळते.

मग बारा रकाने ठेवायचे का? तेही नको. भाताचं रोप लहान असताना आणि पुन्हा फुलोऱ्याच्या वेळी क्षाराला सर्वांत हळवं असतं. त्यामुळे पिकाच्या दृष्टीने जे महिने बोलतात तेच: मे म्हणजे क्षारतेचा वर्षातला कळस; जुलै म्हणजे लावणी; सप्टेंबर म्हणजे हळव्या-निमगरव्या, लवकर आणि मध्यम मुदतीत तयार होणाऱ्या भाताचा फुलोरा. पूर्ण बारा महिने परिशिष्टात, आणि तक्त्याखाली तसं लिहिलेलं. आपण हे तीन महिने का निवडले ते एका वाक्यात सांगितलं नाही तर परीक्षकाला वाटेल की सोयीचे निवडले.

खोलीचे दोन थर (० ते १५ आणि १५ ते ३० सेंमी) दोन्ही राहिले. पाऊस वरचा थर धुतो; खालचा अजून खारा असेल तर पुढच्या मेमध्ये मीठ परत वर येणार. एकच थर दाखवणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं.

२० ऑगस्ट

आज एका तुकड्यावरून वाद.

शिवाराचा नकाशा असा: अ ओळ उघाडीलगत, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या दारालगत, ब मधे, क आत, जिथे जमीन खोलगट आहे आणि पावसाचं पाणी साचून राहतं. प्रकरणाचं उत्तर असं की मीठ धुण्यासाठी पाऊस पुरेसा नाही. मीठ विरघळलेलं पाणी बाहेर जायला वाटही हवी. ओहोटीला उघाडीची झडप उघडते, आतलं पाणी खाडीत उतरतं. भरतीला खाडीच्या दाबाने झडप मिटते. म्हणून उघाडीलगतचे तुकडे आधी सुधारले, खोलगटातले मागे राहिले. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला होता.

फक्त अ-३ सुधारला नाही. उघाडीला अगदी चिकटून असूनही मेमध्ये खाराच. त्याच्यावर दीड पान आहे आणि विद्यार्थ्याला ते काढायचंय. “एकच तुकडा आहे, ताई. अपवाद. लांबी वाढवतो.” खरं कारण लांबी नव्हे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

ते दीड पान वाचलं तर त्यात प्रकरणाचा सर्वांत भक्कम पुरावा दडलाय. त्या उघाडीची झडप नीट मिटत नाही. लाकूड कुजलंय आणि भरतीचं पाणी फटीतून आत येतं. विद्यार्थ्याने भरतीच्या वेळी उभं राहून ते पाहिलंय, फोटो काढलाय. म्हणजे उघाडी जवळ असून उपयोग नाही, ती एका दिशेने चालायला हवी. ‘जवळीक’ हे कारणच नव्हतं. ‘निचरा’ हे कारण होतं, आणि अ-३ ने दोन्ही वेगळे करून दाखवले. अपवाद काढला असता तर प्रकरण ‘उघाडीजवळची जमीन लवकर सुधारते’ एवढंच सांगून थांबलं असतं, जे गावातलं कोणीही सांगेल.

दीड पानाचं पाऊण पान केलं, आणि मागून उचलून मुख्य तक्त्याच्या लगेच खाली आणलं. तक्त्यात तो एक आकडा डोळ्यांत खुपतो. खुपल्या क्षणीच उत्तर मिळावं.

वाक्य आटवताना काय होतं त्याचा नमुना इथून उतरवून ठेवते, पुढच्या विद्यार्थ्यांना दाखवायला होईल. मूळ वाक्य:

‘मे महिन्यात घेतलेल्या नमुन्यांचे विश्लेषण केले असता ० ते १५ सेंमी खोलीवरील थरामध्ये उघाडीलगत असलेल्या एकूण पाच तुकड्यांपैकी चार तुकड्यांमध्ये क्षारतेचे प्रमाण हे आतील तुकड्यांच्या तुलनेत कमी असल्याचे आढळून आले, तर अ-३ या तुकड्यामध्ये मात्र तसे आढळून आले नाही व यामागे झडपेतून होणारी गळती हे कारण असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

विद्यार्थ्याने केलेलं:

‘उघाडीलगतच्या जमिनीत क्षारता कमी होते.’

सुटसुटीत, आणि चूक. महिना गेला, खोली गेली, पाचपैकी चार गेले, अ-३ गेला, आणि ‘आढळली’चं ‘होते’ झाल्यामुळे एका शिवारातलं निरीक्षण सगळ्या कोकणाचा नियम होऊन बसलं. आता राहिलेलं:

‘मेमध्ये वरच्या थरात (०–१५ सेंमी) उघाडीलगतच्या पाचपैकी चार तुकड्यांत क्षारता आतल्या तुकड्यांपेक्षा कमी होती; अ-३ मध्ये नव्हती, बहुधा झडप गळत असल्यामुळे.’

निम्म्याहून लहान झालं, आणि गेलं ते फक्त ‘विश्लेषण केले असता’, ‘असल्याचे आढळून आले’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ अशी भरताड. ‘बहुधा’ राहिलं, कारण गळती पाहिली आहे पण मोजलेली नाही. ‘बहुधा’, ‘या शिवारात’, ‘पाचपैकी’ असे शब्द कात्रीला सर्वांत आधी सापडतात, कारण त्यांच्याशिवायही वाक्य व्याकरणाने पुरं होतं. मी आता कापून झालेल्या प्रत्येक पानावर फक्त या शब्दांसाठी एक स्वतंत्र फेरी मारते. मूळ शेजारी ठेवून.

२२ ऑगस्ट

चर्चा एका पानाने वाढवली, अ-३ साठी. समारोपाच्या पाच पानांची दोन, कारण तीन पानं निकालच पुन्हा सांगत होती.

बाकी दिवस मोडतोड सावरण्यात. मजकूर हलवला की त्याला बांधलेल्या दोऱ्या तुटतात. वर्डमध्ये `Ctrl+A` आणि मग `F9` केलं की तक्ते-आकृत्यांचे आपोआप घातलेले उल्लेख नव्याने मोजले जातात. तीन ठिकाणी लगेच दिसलं:

```
Error! Reference source not found.
```

हे दिसतं तरी. हाताने लिहिलेले ‘तक्ता ४.७ पाहा’ तसेच राहतात आणि चुकीच्या तक्त्याकडे बोट दाखवतात. ते शोधून शोधून पाहावे लागले. ‘वर म्हटल्याप्रमाणे’ शोधलं तर त्यातल्या काही ठिकाणी ‘वर’चं आता प्रकरण दोनमध्ये गेलंय. काही संज्ञांची व्याख्या काढलेल्या आढाव्यात होती. ‘संपृक्त अर्क’ पहिल्यांदा आता पद्धतीत येतो, म्हणून अर्थही तिथेच दिला. संदर्भसूचीला हात लावला नाही. ती अख्ख्या प्रबंधाची एकच आहे, आणि इथून गेलेला संदर्भ दुसऱ्या प्रकरणात असू शकतो. सूचीतली अनाथ नावं सगळ्यात शेवटी, सगळी प्रकरणं जोडल्यावर काढायची.

काढलेला प्रत्येक तुकडा ‘प्रकरण ४ – बाहेर’ या फाइलमध्ये, मूळ पान क्रमांकासह. मूळ फाइल न बदलता वेगळी.

२३ ऑगस्ट

४३ पानं: इतिहास २, आढावा ४, पद्धत ४, निकाल २२, चर्चा ९, समारोप २. प्रश्न पहिल्या पानाच्या दुसऱ्या परिच्छेदात.

नवी प्रत आणि जुन्या-नव्याची तुलना फोल्डरमध्ये चढवली. सरांसाठीची चिठ्ठी विद्यार्थ्याच्या नावाने, त्याने आणि मी मिळून:

‘सर, नमस्कार. प्रकरण ४ कमी करून चढवले आहे. पानांची मर्यादा ठाऊक नसल्याने, प्रश्न उशिरा येतो हे लांबीचे कारण धरून काम केले. चरीचा संप व कायद्यांचा इतिहास प्रकरण २ मध्ये हलवला. त्यामुळे ते सुमारे सहा पानांनी वाढेल. मोजमापाचे तपशील व बारा महिन्यांचे तक्ते परिशिष्टात आहेत. अ-३ वरील मजकूर मुद्दाम ठेवला आहे. याहून कमी हवे असल्यास पुढची कात्री आढाव्यावर चालवता येईल. निकालातून कमी केल्यास तपासणी अवघड होईल असे वाटते. आपण सांगाल तसे.’

चिठ्ठीत काय धरून चाललो ते लिहिलं, म्हणजे ते चुकीचं असलं तर सर एका ओळीत सांगू शकतील. ‘कोणता भाग काढू?’ असा प्रश्न विचारला असता तर त्यांना ७८ पानं पुन्हा वाचावी लागली असती.

२६ ऑगस्ट

सरांचं उत्तर. या वेळी दोन ओळी: ‘आता वाचता आले. झडपेचा मुद्दा एवढा महत्त्वाचा आहे तर आधी का लिहिला नव्हता?’

जुन्या प्रतीत तो पान ५८ वर होता. विद्यार्थ्याला हे सरांना कळवायचं होतं, मी म्हटलं, “राहू दे. ‘होय सर’ लिही.”

खाली आणखी एक शेरा: झडपेचा फोटो प्रकरणात घ्यावा. घेतला, अ-३ च्या परिच्छेदाशेजारी, भरतीची वेळ आणि तारीख मथळ्यात. ४४ पानं झाली. उद्यापासून प्रकरण दोन. संपाची पानं आत आणण्याआधी तिथल्या कायद्यांच्या परिच्छेदांचं आधी बघायचंय, कारण हलवलेले आणि तिथे असलेले मिळून आता तेच दोनदा झालेत.